चेंडू वळतो, पण लाटेसारखा नाही

वानखेडेवर ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेल्या चेंडूला तरंगलांबी असते. थट्टा नाही, बारावीच्या भौतिकशास्त्रातलं सूत्रच तसं सांगतं. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूसोबत एक लाट असते, मग ती वस्तू इलेक्ट्रॉन असो, लोकल असो की फलंदाजाकडे निघालेला चेंडू. सूत्र इतकं आखूड आहे की तळहातावर लिहून घेता येईल (परीक्षेला जाताना मात्र हात धुवावेत):

λ = h / mv

λ म्हणजे तरंगलांबी, m म्हणजे वस्तुमान, v म्हणजे वेग. खालच्या दोघांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. वरचा h हा प्लांकचा स्थिरांक. त्याचं मूल्य 6.63 × 10⁻³⁴ जूल-सेकंद, म्हणजे दशांश चिन्हानंतर आधी ३३ शून्यं आणि मग कुठे सहाचा आकडा. सगळी गंमत या शून्यांत आहे.

आता चेंडूचं गणित करू. वजन १६० ग्रॅम, म्हणजे ०.१६ किलो. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३८.९ मीटर. गुणाकार आला ६.२२. मग:

λ = 6.63 × 10⁻³⁴ / 6.22 ≈ 1.07 × 10⁻³⁴ मीटर

हा आकडा किती लहान म्हणावा? अणूच्या पोटात अणुकेंद्र असतं आणि अणुकेंद्रात प्रोटॉन. त्या प्रोटॉनच्या व्यासात चेंडूच्या लाटा एकापुढे एक मांडत गेलात, तर एकावर १९ शून्यं इतक्या मांडूनही जागा उरेल. ज्या लांबीच्या खाली ‘लांबी’ या कल्पनेलाच अर्थ उरतो की नाही अशी शंका भौतिकशास्त्रज्ञांना येते, त्या प्लांक लांबीच्या ही लाट जेमतेम साडेसहा पट भरते. उत्तर बरोबर आहे, फक्त त्याचा उपयोग शून्य आहे.

वळला, पण किती?

लाट असल्याची खूण कोणती? फटीतून जाताना ती पसरते, वाकते. ही वाकण्याची मात्रा काढायला साधा ठोकताळा आहे: तरंगलांबीला फटीच्या रुंदीने भागा, कोन मिळतो. लाट फटीच्या मानाने बरीच लहान असेल तर ती सरळ निघून जाते आणि आपण तिला ‘कण’ म्हणून मोकळे होतो.

समजा दोन क्षेत्ररक्षकांमध्ये एक मीटरची मोकळी जागा आहे आणि चेंडू त्यातून निसटला. लाट म्हणून तो किती वाकेल? 10⁻³⁴ रेडियन. या वाकण्याने त्याची वाट निव्वळ एका प्रोटॉनच्या व्यासाइतकी सरकायची असेल, तर त्याला सुमारे १,७०० प्रकाशवर्षं जावं लागेल. ताशी १४० किलोमीटरने त्या प्रवासाला लागतील १,३०० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व जन्मल्यावर थोड्याच काळात कुणी चेंडू टाकला असता, तर आत्ता कुठे तो प्रोटॉनभर वळला असता. एवढ्याशा वळणासाठी तिसरा पंच बसवण्यात अर्थ नाही.

‘मोठ्या वस्तूंना लाट नसते’ हे वाक्य म्हणून चूक आहे. लाट असते. तिला अडवून दाखवेल अशी फट मात्र जगात कुठेच नाही.

मग हळू टाका की!

वर्गातल्या हुशार पोराचा प्रश्न ठरलेला असतो. λ = h/mv मध्ये v कमी केला तर λ वाढते ना? मग चेंडू अगदी हळू सोडा, लाट आपोआप मोठी होईल.

प्रश्न बिनतोड आहे. त्याला दटावून गप्प बसवण्यापेक्षा गणित करून द्यावं. चेंडूची लाट चेंडूच्याच व्यासाएवढी, म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर, हवी असेल तर वेग किती ठेवायचा? उलट भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला ५.९ × 10⁻³² मीटर. या वेगाने चेंडू विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत चालत राहिला असता, तर त्याने कापलेलं अंतर भरतं पंधरा प्रोटॉन शेजारी शेजारी ठेवले तर होईल एवढं. त्याला ‘हलतोय’ म्हणायलाही जीभ धजावत नाही.

त्याहून मोठी अडचण उष्णतेची. टेबलावर गपगार पडलेला चेंडूसुद्धा खरा स्वस्थ नसतो. भोवतालची हवा आणि खालचं टेबल त्याला सतत बारीक धक्के देत असतात. खोलीच्या तापमानाला या धक्क्यांमुळे १६० ग्रॅमच्या चेंडूला जो सरासरी वेग येतो तो सेकंदाला सुमारे 3 × 10⁻¹⁰ मीटर. तुम्हाला हवा होता त्यापेक्षा हा कोट्यवधी कोटी पटींनी जास्त आहे. या थरथरीतली लाट येते 10⁻²³ मीटरच्या आसपास, म्हणजे अजूनही प्रोटॉनच्या कोट्यंशाहून लहान. निसर्ग चेंडूला तेवढं संथ होऊच देत नाही.

सूत्रात वेग आणि वस्तुमान खांद्याला खांदा लावून उभे असले, तरी आपल्या हातात फक्त वेग असतो, आणि तो कमी करण्यालाही उष्णतेची मर्यादा पडते. एकाच तापमानाला टेकलेल्या सगळ्या वस्तूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते. हलक्याला जास्त वेग मिळतो, जडाला कमी. हिशेब केला तर अशा वेळी लाट वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात लहान होत जाते. खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची लाट भरते सुमारे ६ नॅनोमीटर, म्हणजे कित्येक अणूंच्या रांगेएवढी. चेंडूचं वर आलंच आहे.

इतिहासाचा पदवीधर आणि परीक्षकाचा खडा

हे सूत्र मांडणारा माणूस फ्रान्समधल्या एका उमराव घराण्यातला. लुई द ब्रॉय, जन्म १८९२. पहिली पदवी घेतली इतिहासात. थोरला भाऊ मॉरिस क्ष-किरणांवर काम करायचा, त्याच्या नादाने धाकटा भौतिकशास्त्राकडे वळला. पहिल्या महायुद्धात त्याची नेमणूक झाली आयफेल टॉवरवरच्या बिनतारी संदेश केंद्रात. लाटांशी त्याची ओळख अशी लष्करी हुकमाने घट्ट झाली.

त्या काळी आइन्स्टाइनने प्रकाशाबद्दल एक चमत्कारिक गोष्ट गळी उतरवत आणली होती: प्रकाश लाट असूनही कणांसारखा वागतो. द ब्रॉयने ते वाक्य उलटं केलं. लाट जर कण होऊ शकते, तर कणाने लाट का होऊ नये? १९२३ मध्ये त्याने तीन छोटे लेख लिहिले आणि २५ नोव्हेंबर १९२४ रोजी पॅरिसमध्ये प्रबंधाची तोंडी परीक्षा दिली.

परीक्षकांत ज्याँ पेरँ होते. त्यांनी नेमका खडा टाकला: या लाटा प्रयोगात दिसतील का? द ब्रॉयचं उत्तर तयार होतं. स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडून पाहा. दुसरे परीक्षक पॉल लांजव्हँ यांनी प्रबंधाची प्रत आइन्स्टाइनकडे धाडली, आणि आइन्स्टाइनने ती उचलून धरली. पाच वर्षांत, १९२९ साली, द ब्रॉयला नोबेल मिळालं. प्रबंधावर एवढ्या झटपट नोबेल मिळवणारे विद्यार्थी फार नाहीत. आपल्याकडे तेवढ्या वेळात मार्गदर्शकाची सही मिळाली तरी पेढे वाटतात.

पण स्फटिकच का? कारण फट लाटेच्या मापाची हवी. इलेक्ट्रॉनची लाट येते मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्या घरात, आणि स्फटिकातले अणू एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर रांगेत उभे असतात. माणसाने कोरायची म्हटली तर त्या काळी अशक्य असलेली जाळी निसर्गाने धातूच्या तुकड्यात फुकट बसवून ठेवली होती.

फुटलेल्या बाटलीचं नोबेल

उत्तर निघालं न्यूयॉर्कमध्ये, आणि तेही अपघाताने. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलच्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन मारून ते कुठे कुठे उसळतात ते मोजत होते. द ब्रॉयची लाट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटली, काचेची निर्वात नळी तडकली, आत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइडचा थर चढला. थर काढायला त्यांनी निकेल दीर्घकाळ तापवलं. त्या भट्टीत पत्र्यातले असंख्य बारीक स्फटिक एकमेकांत जुळून थोडेच पण मोठे स्फटिक तयार झाले. पुन्हा प्रयोग सुरू केला तर आकडे पार बदललेले. नळी फोडून पाहिली तेव्हा कारण कळलं.

तरीही लाटेचं नाव नाही. १९२६ च्या उन्हाळ्यात डेव्हिसन बायकोसोबत सुटीला इंग्लंडला गेला. ऑक्सफर्डच्या एका सभेत माक्स बॉर्न यांचं व्याख्यान ऐकताना तो चकितच झाला, कारण द ब्रॉयच्या लाटांचा पुरावा म्हणून व्याख्याते त्याचेच जुने आलेख सांगत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. परतल्यावर त्याने मुद्दाम निकेलचा एकच स्फटिक घेतला आणि शोध सुरू केला.

१९२७ मध्ये मिळालेला आकडा आजही पाठ्यपुस्तकांत छापतात: इलेक्ट्रॉनना ५४ व्होल्टचा धक्का दिला की ५० अंशांच्या कोनात उसळणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. हे गणित आपण पायरीपायरीने करू, कारण द्रव्यलाटेचं याहून सुबक उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी सूत्राकडून जाऊ. ५४ व्होल्टमधून धावलेल्या इलेक्ट्रॉनला ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. ती जूलमध्ये आणायची, तिच्यातून संवेग काढायचा, आणि h ला त्याने भागायचं:

K = 54 × 1.602 × 10⁻¹⁹ = 8.65 × 10⁻¹⁸ J

p = √(2mK) = √(2 × 9.11 × 10⁻³¹ × 8.65 × 10⁻¹⁸) = 3.97 × 10⁻²⁴ kg·m/s

λ = h / p = 6.63 × 10⁻³⁴ / 3.97 × 10⁻²⁴ = 1.67 × 10⁻¹⁰ m

आता निकेलकडून. त्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर अणूंच्या रांगांमधलं अंतर 2.15 × 10⁻¹⁰ मीटर. लाटा एकमेकींना बळ देतील त्या कोनासाठी अंतर गुणिले कोनाची ज्या बरोबर तरंगलांबी. ५० अंशांची ज्या ०.७६६. गुणाकार येतो 1.65 × 10⁻¹⁰ मीटर.

एकीकडे १.६७, दुसरीकडे १.६५. पहिल्या आकड्यात निकेलचा मागमूस नाही, दुसऱ्यात h चा किंवा इलेक्ट्रॉनच्या वजनाचा उल्लेखही नाही. दोन अनोळखी वाटांनी निघालेले आकडे एकाच दारात येऊन उभे राहतात, तेव्हा शंकेला जागा राहत नाही.

चेंडूशी एकदा ताडून पाहा. हा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ४,४०० किलोमीटर वेगाने धावतो, चेंडूच्या लाखभर पट. वेग जास्त म्हणजे लाट लहान व्हायला हवी. पण त्याचं वजन चेंडूच्या मानाने इतकं नगण्य आहे (फरक एकावर २९ शून्यं, किंबहुना त्याच्या पावणेदोन पट) की वेगाने केलेला तोटा कुठल्या कुठे वाहून जातो, आणि लाट चेंडूच्या लाटेपेक्षा दीड गुणिले एकावर २४ शून्यं इतक्या पटीने मोठी निघते.

तिकडे स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला जॉर्ज पॅजेट थॉमसन पातळ पडद्यांतून इलेक्ट्रॉन सोडून हेच दाखवत होता. १९३७ चं नोबेल त्याला आणि डेव्हिसनला वाटून मिळालं. त्याचे वडील जे. जे. थॉमसन, ज्यांनी इलेक्ट्रॉन हा कण शोधला आणि १९०६ मध्ये नोबेल मिळवलं. बापाने ज्याला कण ठरवलं, त्याची लाट लेकाने दाखवली, आणि दोघंही बरोबर ठरले.

१५० लक्षात ठेवा, मार्क वाचवा

दरवेळी एवढा खटाटोप करायला नको. साध्या व्होल्टेजच्या इलेक्ट्रॉनसाठी सगळे स्थिरांक एकत्र गुंडाळले की उरतं एवढंच:

λ = 1.226 / √V नॅनोमीटर

५४ चं वर्गमूळ ७.३५. भागाकार ०.१६७ नॅनोमीटर. झालं. त्याहून सोपी खूणगाठ अशी की १५० व्होल्टला लाट बरोबर ०.१ नॅनोमीटर, म्हणजे एक अँगस्ट्रॉम येते. व्होल्टेज चौपट केलं की लाट निम्मी. उत्तर या पट्ट्याबाहेर फार भरकटलं तर समजावं, कुठेतरी पाय घसरलाय.

हमखास घसरण्याची जागा एकच. प्रकाशाच्या कणासाठी λ = hc/E हे सूत्र पाठ असतं, आणि घाईत तेच इलेक्ट्रॉनला लावलं जातं. ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्यातून उत्तर येतं २३ नॅनोमीटर, खऱ्यापेक्षा जवळजवळ १४० पट मोठं. ऊर्जा तीच, मग एवढा फरक का? फोटॉनला स्थिर वस्तुमान नसतं, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत त्याच्याकडे संवेग फार थोडा असतो. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, म्हणून संवेग भरपूर आणि लाट आखूड. वस्तुमान ग्रॅममध्ये ठेवणं किंवा ताशी किलोमीटर तसेच सूत्रात कोंबणं या चुका त्या मानाने बाळबोध आहेत. त्या लगेच पकडता येतात.

हे आखूड सूत्र मात्र फार उंच व्होल्टेजला दगा देतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक लाख व्होल्ट लावतात. तिथे इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त होतो आणि आइन्स्टाइनची सापेक्षता मध्ये पडते. साधं सूत्र सांगतं ३.८८ पिकोमीटर, खरी लाट ३.७० पिकोमीटर. पाच टक्क्यांचा फरक. परीक्षेत चालून जाईल, सूक्ष्मदर्शक बनवताना नाही.

सूक्ष्मदर्शकावरून आठवलं. १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा करणाऱ्या एर्न्स्ट रुस्काला द ब्रॉयच्या प्रबंधाचा पत्ताच नव्हता. इलेक्ट्रॉन म्हणजे निव्वळ कण, त्यामुळे लाटेची कटकट नाही, अशा समजात तो काम करत होता. इलेक्ट्रॉनलाही लाट आहे हे कळलं तेव्हा गडी हिरमुसला. मग गणित केलं आणि जीव भांड्यात पडला, कारण ही लाट दृश्य प्रकाशाच्या लाटेपेक्षा लाखभर पटींनी लहान होती. रुस्काचं नोबेल आलं १९८६ मध्ये. पठ्ठ्याने पंचावन्न वर्षं वाट पाहिली.

तुर्भ्याचे मंदावलेले न्यूट्रॉन

हळू करण्याची युक्ती चेंडूवर चालली नाही, पण न्यूट्रॉनवर झकास चालते, आणि ती पाहायला परदेशी जायला नको. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘ध्रुव’ ही अणुभट्टी १९८५ पासून आहे. युरेनियमचं केंद्र फुटलं की बाहेर पडणारा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने सुसाट सुटतो. त्याची लाट 2 × 10⁻¹⁴ मीटर, अणूंमधल्या अंतरापेक्षा हजारो पट लहान. स्फटिकात काय चाललंय ते त्याला दिसणारच नाही.

मग त्याला जड पाण्यातून जाऊ देतात. पाण्यातल्या अणुकेंद्रांवर आपटत आपटत तो निवतो आणि पाण्याच्या तापमानाला येऊन टेकतो. आता वेग उरतो सेकंदाला साधारण २,२०० मीटर. वस्तुमान तेच, वेग नऊ हजार पटींनी कमी, म्हणून लाट नऊ हजार पटींनी मोठी:

λ = 6.63 × 10⁻³⁴ / (1.675 × 10⁻²⁷ × 2200) = 1.8 × 10⁻¹⁰ मीटर

पुन्हा तेच अणूंच्या रांगांचं माप! म्हणून हे थंडावलेले न्यूट्रॉन पदार्थांवर सोडून त्यांची आतली रचना वाचता येते. क्ष-किरणांना हायड्रोजनसारखे हलके अणू धड दिसत नाहीत, कारण ते इलेक्ट्रॉनांवरून उसळतात आणि हायड्रोजनकडे एकच असतो. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रावर आदळतो, त्यामुळे हायड्रोजन त्याच्या नजरेतून सुटत नाही. मुंबईकर लोकलमध्ये घामाघूम होत असतात त्याच वेळी शहराच्या पूर्व टोकाला द्रव्यलाटा रोजच्या मजुरीवर कामाला जुंपलेल्या असतात, ही गोष्ट मला द ब्रॉयच्या नोबेलपेक्षाही जास्त आवडते.

एक फेरी, एक लाट

अणू एवढाच का, याचा सुगावाही याच सूत्रात आहे. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेग बोरच्या जुन्या प्रतिमानानुसार सेकंदाला २,१९० किलोमीटर धरला जातो. लाट काढा: ०.३३२ नॅनोमीटर. आता त्याच्या कक्षेचा परीघ काढा. त्रिज्या ०.०५२९ नॅनोमीटर, दोन पायने गुणा: ०.३३२ नॅनोमीटर. तंतोतंत एक लाट! शेपूट तोंडाशी जुळलं की लाट टिकते, नाही जुळलं तर स्वतःलाच खोडून काढते. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही हे पुढे कळलं आणि हे चित्र कच्चं ठरलं. तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणायला ते आजही पुरतं.

फुटबॉलचीही लाट दिसली, पण फार छोट्या फुटबॉलची

‘वस्तूपेक्षा तिची लाट लहान असली की लाटेचा गुण संपला’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ऐकायला पटतं, पण ते खोटं ठरलं १९९९ मध्ये व्हिएन्नात.

आंतोन त्सायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने C₆₀ हा रेणू निवडला. साठ कार्बन अणू, शिवलेल्या फुटबॉलसारखी रचना. वजन 1.2 × 10⁻²⁴ किलो, इलेक्ट्रॉनच्या तेरा लाख पट. भट्टीत तापवून हे रेणू निर्वात नळीत सोडले, वेग सेकंदाला २२० मीटर. भागाकार करा: २.५ पिकोमीटर. रेणू स्वतः या लाटेच्या शेकडो पट मोठा.

त्यांच्या वाटेत जाळी ठेवली, तिच्या फटी १०० नॅनोमीटरच्या अंतराने. आपला ठोकताळा लावू, फक्त फटीच्या रुंदीऐवजी फटींमधलं अंतर घेऊन: २.५ पिकोमीटर भागिले १०० नॅनोमीटर, कोन आला रेडियनचे लाखात अडीच भाग. सव्वा मीटर पुढे गेल्यावर रेणू बाजूला सरकणार ३१ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढं मोजणारा शोधक त्यांच्याकडे होता, आणि मधल्या शिखराच्या दोन्ही बाजूंना नेमकी तेवढ्याच अंतरावर छोटी शिखरं उगवली. लाट रेणूपेक्षा लहान असली तरी बिघडत नाही, कारण ती रेणूच्या अंगाची नसून त्याच्या एकसंध वाटचालीची असते. महत्त्वाचं काय, तर फट किती बारीक कोरता येते, किती दूरवर पाहता येतं, आणि मधल्या वाटेत कुणी त्रास देतं का.

हा त्रास प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग आहे. हवेचा एक रेणू जरी आपटला, तरी टक्कर कुठे झाली याची बातमी फुटते आणि नक्षी विरायला लागते. म्हणून नळी निर्वात. पण रेणू स्वतःही चुगली करू शकतो. याच गटाने २००४ मध्ये C₇₀ रेणूंना लेसरने आणखी तापवलं. तापलेली वस्तू प्रकाश सोडते, आणि सुटलेला प्रत्येक फोटॉन रेणू कुठे आहे त्याची बातमी घेऊन जातो. तापमान वाढत गेलं तशी नक्षी पुसट झाली आणि शेवटी नाहीशी झाली.

चेंडूचं घोडं इथेही पेंड खातं. सूत्राने दिलेली लाट मोजता येण्याच्या पलीकडे लहान, आणि वर हा चेंडू उन्हात तळपतोय, हवेचे अगणित रेणू त्याच्यावर दर क्षणी आदळताहेत, स्वतःच्या उष्णतेने तो अवरक्त प्रकाश फेकतोय. तो कुठे आहे याचा डांगोरा सगळ्या बाजूंनी पिटला जातोय.

व्हिएन्नाकर थांबले नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी दोन हजारांच्या घरातले अणू असलेल्या, हायड्रोजनच्या अणूपेक्षा २५,००० पट जड रेणूंची लाट पकडली. ती होती ५३ फेम्टोमीटर, रेणूच्या व्यासाच्या लाखाव्या भागाएवढी. हा रेणूही क्रिकेटच्या चेंडूपेक्षा चार गुणिले एकावर २१ शून्यं इतक्या पटीने हलका आहे.